प्रतिसाद: सर की मॅडम?

‘नावावरून बाई की बुवा कळत नसेल, तर इंग्रजी मेलच्या मायन्यात रिस्पेक्टेड सर/मॅडम लिहून मोकळं व्हावं का?’

कार्यालयाच्या सामायिक पत्त्यावर पाठवताना चालेल, पण ठरावीक माणसाला लिहिताना ते परिपत्रकासारखं वाटतं. पद माहीत असेल तर डॉ. किंवा प्रोफेसर लावा, सर-मॅडमचा प्रश्नच मिटतो.

आपल्या बेळगाव भागात खरी गोची पुढे आहे. इकडे हिरेमठ, पाटील अशी आडनावं शेवटी येतात, म्हणून आपण शेवटचा शब्द आडनाव धरतो. म्हैसूर-बेंगळुरूकडे आद्याक्षरं आधी आणि स्वतःचं नाव शेवटी, अशी पद्धत बरीच चालते. समजा विभागप्रमुखांचं नाव के. आर. सुरेश आहे. ‘के’ गावाचा आणि ‘आर’ वडिलांच्या नावाचा असू शकतो. तिथे ‘डिअर डॉ. सुरेश’ हेच बरोबर, ती सलगी होत नाही. उगाच ‘डॉ. के. आर.’ लिहू नका. खात्री नसेल तर विभागाच्या पानावर किंवा त्यांच्याच आधीच्या मेलखाली सही कशी आहे ते बघा, आणि तरीही उलगडा झाला नाही तर पूर्ण नाव लिहा: ‘डिअर डॉ. के. आर. सुरेश’.

‘सुरेश सर’ आपल्याकडे छान चालतं, धारवाडलाही. पण मेल ब्रिटनला जाणार असेल तर ‘सर सुरेश’ असा क्रम कधीच नको, तिकडे ती नाइटहुडची पदवी आहे. शेवटी काय लिहायचं तेही मायन्यावरून ठरतं: ब्रिटिश पद्धतीत नुसत्या ‘डिअर सर’ला ‘युअर्स फेथफुली’, नाव घातलं असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’.