स्थायिक होण्यासाठी देश: दोघांच्या ग्रहरेषा आणि स्थलांतरित कुंडल्या कशा ताडून बघायच्या?

पाऊलवाट
आम्ही दोघं जर्मनी आणि कॅनडा यांत अडकलोय. कागदपत्रं, भाषा, नोकरी याची तुलना करून झाली आहे. दोन्ही पारडी जवळपास सारखीच. आता ॲस्ट्रोकार्टोग्राफीचा नकाशाही बघायचाय, म्हणजे जन्मक्षणी कुठला ग्रह पृथ्वीवर कुठे उगवत, मावळत किंवा माथ्यावर होता त्याच्या रेषा. नवऱ्याचा जन्म 1991 चा, पुणे, संध्याकाळी 6:42. माझा 1993 चा, कोल्हापूर, "सातच्या सुमारास". तारखा उघड टाकत नाही. astro.com वर `AstroClick Travel` मध्ये त्याच्या शुक्राची एमसी, म्हणजे माथ्यावरची रेषा बर्लिनजवळून जाते आणि माझ्या शनीची अस्तरेषा जवळपास बर्लिनवरूनच. म्हणजे त्याला उत्तम आणि मला वाईट, असं धरायचं का? आणि दोघांचा मिळून एकच देश कसा ठरवतात?

मोरपंखी
ताई, एक लक्षात घ्या, हे अमेरिकन जिम लुईसचं तंत्र आहे आणि सगळं सायन. आपली पत्रिका निरयन. त्यामुळे नकाशावरच्या सगळ्या रेषा 24 अंश सरकवून वाचाव्या लागतात. शिवाय नव्या जागी दशाही बदलते, ती वेगळी काढून घ्या.

सांपातिक
मोरपंखी, रेषा सरकवायला सांगू नका, लोक खरंच सरकवतील. बर्लिनच्या आकाशात शुक्र त्या क्षणी मध्यावर होता की नव्हता, एवढंच रेषा सांगते. अयनांश, म्हणजे सायन-निरयनमधला फरक, कुठलाही घ्या, आकाश तेच. दशाही बदलत नाही. ती चंद्राच्या नक्षत्रावरून निघते आणि चंद्र जागा बदलल्याने हलत नाही. तुमचं म्हणणं खरं ठरतं ते लग्नराशीच्या बाबतीत, त्यावर खाली येतो.

पाऊलवाट, आधी गणित तपासून घ्या. तुमच्या नवऱ्याच्या तपशिलात जन्मवेळी पुण्याचा सांपातिक काल जवळजवळ 6 तास 0 मिनिटं दिसेल आणि शुक्राचा विषुवांश 2 तासांच्या आसपास. फरक 4 तास, म्हणजे 60 अंश. पुण्याचं रेखांश 73 अंश 51 कला पूर्व. त्यातून 60 वजा केले की 13 अंश 51 कला. बर्लिन 13 अंश 24 कलांवर आहे, म्हणून रेषा शहराच्या पूर्वेला साधारण 30 किलोमीटरवरून जाते. एमसी रेषा सरळ उभी असल्यामुळे हा हिशोब कागदावर होतो. लग्न आणि अस्ताच्या रेषा वाकड्या असतात, त्या प्रोग्रामवरच सोडा.

आता वेळेत चूक असेल तर काय होतं ते बघा. घड्याळात 4 मिनिटं चुकली की प्रत्येक रेषा 1 अंश सरकते. खरा जन्म उशिराचा असेल तर पश्चिमेला, आधीचा असेल तर पूर्वेला. बर्लिनच्या अक्षांशावर 1 अंश म्हणजे सुमारे 68 किलोमीटर. नवऱ्याची वेळ 6:42 ऐवजी 6:57 निघाली तर तीच शुक्राची रेषा हॅम्बुर्गच्या रेखांशावर जाऊन बसते. तुमचं "सातच्या सुमारास" म्हणजे 20 मिनिटं इकडेतिकडे धरली तर शनीची रेषा फ्रँकफर्टच्या रेखांशापासून पोलंडच्या मध्यापर्यंत कुठेही असू शकते. तुम्ही बर्लिनवर जी रेषा पाहिली ती प्रोग्रामने बरोब्बर सात वाजले असं धरून काढलेली आहे.

देश ठरवायला म्हणून हा नकाशा जरा बेढब पडतो. अख्खा जर्मनी 9 अंश रुंद, म्हणजे घड्याळाची 36 मिनिटं. कॅनडा 88 अंशांचा, जवळजवळ 6 तास. "कॅनडा कसा?" याला उत्तर नाही. टोरंटो कसं, व्हँकुव्हर कसं, असंच विचारावं लागतं.

दुबईवाले_काका
माझी गुरूची रेषा दुबईवरून जाते आणि गाळ्याचं तोंड दक्षिणेला आहे. मग गुरूची रेषा जास्त धरायची की वास्तू? कोणी जाणकाराने सांगावं.

नाकासमोर
काका, हा वेगळा धागा करा.
मूळ प्रश्नावर: रेषांवरून आयुष्य बदलतं, हे कुठल्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही, हे कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. पारडी सारखी असताना बघताय ते ठीक. पण बर्लिनमध्ये नोकरी आहे आणि हॅम्बुर्गमध्ये रेषा आहे, असा घोळ घालू नका.

पाऊलवाट
@नाकासमोर मान्य. म्हणूनच आधीचं सगळं करून मग इथे आले.
@सांपातिक स्थलांतरित कुंडली मी काढली. जन्मगाव बर्लिन टाकलं, वेळ 6:42 तीच ठेवली. पण नवऱ्याचा चंद्र पत्रिकेतल्यापेक्षा दोन-अडीच अंश पुढे दाखवतोय. अयनांशाचा फरक असेल का?

सांपातिक
नाही. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि चंद्राने ती पकडून दिली. बर्लिन टाकून 6:42 लिहिलं की प्रोग्राम ते जर्मनीतले 6:42 समजतो. ते आपल्या वेळेपेक्षा साडेचार तास उशिराचे. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश चालतो, म्हणून तुमचा दोन-अडीच अंशांचा फरक. जन्म पुण्यातच ठेवा आणि प्रोग्राममधली स्थलांतराची सोय वापरा. हातानेच करायचं असेल तर तो क्षण तिकडच्या घड्याळात लिहा: बर्लिनला दुपारचे 2:12, टोरंटोला सकाळचे 8:12. मार्चअखेर किंवा एप्रिलचा जन्म असेल तर त्या वर्षी उन्हाळी वेळ कधी लागली ते आधी पाहा, नाहीतर एक तास हरवेल. दोन्ही कुंडल्यांत चंद्राचे अंश-कला सारखे आले की गाडी रुळावर. एक कला जरी हलली तरी मागे जा.

तुमच्या आकड्यांवरून नवऱ्याचं निरयन लग्न असं येतं (अयनांश 23 अंश 44 कला धरून):
पुणे: कन्या 6 अंश
बर्लिन: कर्क 24
टोरंटो: मेष 22
व्हँकुव्हर: कुंभ 1

सायनात बर्लिनचं लग्न सिंह 18 येईल. मोरपंखींचा मुद्दा इथे लागू होतो: राशीवरून भाव धरणाऱ्याला दोन पद्धतींत दोन वेगळ्या कुंडल्या दिसतील. एक निवडा आणि दोघांसाठी तीच वापरा.

व्हँकुव्हरकडे नीट बघा. लग्न सगळीकडे सारख्या वेगाने चालत नाही. नवऱ्याची वेळ 4 मिनिटं आधीची निघाली तर बर्लिनचं लग्न पाऊण अंशही हलत नाही, कर्कच राहतं. तेवढ्याच 4 मिनिटांत व्हँकुव्हरचं लग्न जवळजवळ 2 अंश मागे जातं आणि कुंभेचं मकर होतं. सगळे भाव एका घराने फिरले. म्हणून त्याची व्हँकुव्हरची कुंडली मी वाचणारच नाही. बर्लिन आणि टोरंटोची वाचता येईल.

मोरपंखी
लग्नाचं पटलं. पण दोघांचं एकत्र बघायला दोन कुंडल्या कशाला? दोघांच्या ग्रहांचे मध्यबिंदू काढून जी संयुक्त कुंडली होते, तिचाच नकाशा काढावा. एकच नकाशा, एकच उत्तर.

सांपातिक
मध्यबिंदूंची कुंडली कुठल्याही खऱ्या क्षणाची नसते. ते ग्रह तसे आकाशात एकत्र कधीच नव्हते, मग त्यांची रेषा पृथ्वीवर कुठे काढणार? प्रोग्राम काढून देतो, पण दोन प्रोग्राम दोन ठिकाणी काढतात. नकाशाच हवा असेल तर डेव्हिसन पद्धत घ्या. त्यात दोन जन्मांच्या बरोबर मधली तारीख, वेळ आणि जागा घेतात, म्हणजे तो क्षण खरा असतो. तिचा एक फायदाही आहे. पाऊलवाट यांच्या वेळेत 20 मिनिटांची चूक असली तरी तिथे 10 च मिनिटं शिरतात.

तरी मी दोन स्थलांतरित कुंडल्या शेजारी ठेवून चौथं, सातवं आणि दहावं घर बघतो. एकाला दहावं घर आणि दुसऱ्याला सातवं अशी जागा निघाली तर घरात कोण काय ओढणार ते तिथे दिसतं. डेव्हिसनमध्ये ते एकमेकांत मिसळून जातं.

मोरपंखी
मी डेव्हिसनच आधी बघेन. नातं हीच एक वेगळी कुंडली असते. यावर आपलं जमणार नाही.

पाऊलवाट
आणि शनी?

सांपातिक
अस्तरेषेवरचा शनी म्हणजे जोडीदाराच्या बाजूने येणारी जबाबदारी, अंतर, नियम. परदेशात एकाच्या नोकरीवर दुसऱ्याचा व्हिसा असला की हे तसंही येतंच. मी त्याला सरसकट वाईट म्हणत नाही, काहीजण म्हणतात. पण ती रेषा बर्लिनवर आहे की नाही हेच अजून ठरलेलं नाही. 6:40, 7:00 आणि 7:20 अशा तीन वेळांच्या तुमच्या कुंडल्या काढा. तिन्हींत जे तसंच राहतं तेवढंच धरा.

त्याआधी वेळ शोधा. जन्मदाखल्यावर वेळ सहसा नसते. दवाखान्याचं कार्ड, किंवा बारशाच्या वेळी केलेली पत्रिका असेल तर बघा. जुन्या पत्रिकेत इष्टकाल घटी-पळांत लिहिलेला असतो.

पाऊलवाट
आईकडून पत्रिकेचा फोटो आला. वेळ "सायं. 7 वा." अशीच आहे, पण खाली "इष्ट घटी 31 पळे 40" आहे. याचं काय करायचं?

सांपातिक
हे सोनं आहे. घटी 24 मिनिटांची, पळ 24 सेकंदांचं. 31 घटी म्हणजे 744 मिनिटं, 40 पळं म्हणजे 16. एकूण 760 मिनिटं, म्हणजे सूर्योदयानंतर 12 तास 40 मिनिटं. तुमचा जन्म मार्चअखेरचा असेल तर कोल्हापूरचा सूर्योदय 6:30 च्या आसपास. वेळ येते 7:10. गुरुजींनी "सात" हे बोलण्यापुरतं लिहिलं असावं.

म्हणजे शनीची रेषा अडीच अंश पश्चिमेला, बर्लिनपासून सुमारे 170 किलोमीटरवर, वोल्फ्सबुर्गकडे.

एक अडचण मात्र आहे. गुरुजींनी सूर्योदय कोल्हापूरचा धरला की पंचांगात छापलेला मुंबईचा? मुंबईचा सूर्योदय तेव्हा पाचेक मिनिटं उशिरा होतो. तसं असेल तर वेळ 7:15 आणि रेषा हानोव्हरवर. पत्रिकेच्या कोपऱ्यात "सूर्योदय" किंवा पंचांगाचं नाव लिहिलंय का?

पाऊलवाट
नाव आहे, पण त्यावर हळदीचा डाग पडलाय. आईला उजेडात धरून परत फोटो काढायला सांगते.

दुबईवाले_काका
डाग मोबाइलवर काळं-पांढरं करून बघा, अक्षर उठतं. आणि माझ्या गाळ्याचं कोणी सांगितलं नाही अजून.