कॅम्पसची ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट: तुमच्या वेळी काय झालं?

बार्शीकर_मेघा
आमच्या ज्युनियर्सच्या ड्राइव्ह पुढच्या आठवड्यापासून आहेत. सरावाचे प्रश्न कुठे मिळतात हे सगळ्यांना माहीत असतं, ते इथे नको. टेस्ट प्रत्यक्षात कशी चालते, मधेच बिनसलं तर घड्याळाचं काय होतं आणि पुन्हा बसू देतात का, एवढंच लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

घरून दिली होती. गणिताच्या क्वांट सेक्शनला २० प्रश्न, २५ मिनिटं. अकरावं मिनिट संपतंय तोच लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण राउटर मेला. मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं, पुन्हा लॉगिन, पुन्हा चेहऱ्याचा फोटो, पुन्हा ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर, मग कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या प्रॉक्टरने आत सोडेपर्यंत थांबा. यात नऊ मिनिटं गेली. आत आले तर घड्याळात पाच मिनिटं उरलेली. आठ उत्तरं जागेवर होती. नवव्याचा पर्याय निवडला होता पण `Save & Next` दाबायचं राहिलं होतं, तो कोराच. उरलेल्या बारांपैकी चार सोडवले, बाकी अंदाजपंचे. निगेटिव्ह मार्किंग नव्हतं म्हणून. लॉजिकल आणि व्हर्बल छान गेलं, पण क्वांटचा वेगळा कटऑफ होता, तिथे अडकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेल केला. उत्तर आलं: कनेक्शन उमेदवाराच्या बाजूने तुटलं, फेरपरीक्षा नाही.

सायलेंट_प्रॉक्टर
मी सहा वर्षं अशा टेस्ट चालवणाऱ्या टीममध्ये होतो. तुमचा मेल एक दिवस उशिरा गेला, खरी चूक तिथे झाली.

घड्याळ तुमच्या लॅपटॉपवर नसतं, सर्व्हरवर असतं. लॅपटॉपची वेळ मागे करून काही मिळत नाही, उलट तसं केलं तर काही ठिकाणी लॉगिनच होत नाही. नेट तुटल्यावर घड्याळ थांबवायचं की पळू द्यायचं ही सेटिंग असते आणि ती कंपनी ठरवते. म्हणून एकाच प्लॅटफॉर्मवर एका ड्राइव्हला घड्याळ थांबतं आणि दुसऱ्याला नाही. पोरं मग भांडत बसतात, कोण खरं म्हणून. दोघंही खरं बोलत असतात.

तुमचा ब्राउझर दर काही सेकंदांनी सर्व्हरला ‘मी आहे’ असं कळवत असतो. ते बंद पडलं की लॉगमध्ये वेळ पडते. एकाच लॅबमधली तीस पोरं एकाच मिनिटाला गळाली तर फेरपरीक्षेला सहसा कुणी हरकत घेत नाही. एकटं गळालं तर मात्र ते नेट गेलं की मुद्दाम काढलं, हे लॉग सांगत नाही. म्हणून आत परत येताच, सेक्शन संपायच्या आधी, चॅटमध्ये सपोर्टला लिहायचं: किती वाजता गेलं, किती वाजता आलं. तिकीट नंबर घ्यायचा. टेस्ट संपताच तो कॉलेजचं प्लेसमेंट बघणाऱ्या टीपीओ सरांना द्यायचा. निकालानंतर आलेली तक्रार कंपनीला नापासाची तक्रार वाटते.

आणि पुरावा म्हणून मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढू नका! कॅमेऱ्यात मोबाईल दिसला की वेगळंच प्रकरण सुरू होतं.

नाना_२२
तीन वेळा नजर स्क्रीनवरून हलली की टेस्ट आपोआप बंद होते. आमच्या वर्गातल्या एकाची झाली. मी पूर्ण दीड तास मान हलवली नाही, नंतर दोन दिवस अवघडली होती.

सायलेंट_प्रॉक्टर
नाना, तीनचा आकडा बहुतेक वेळा खिडकी बदलण्याचा असतो, म्हणजे `Alt+Tab` किंवा दुसऱ्या प्रोग्रामचा पॉपअप पुढे येणं. नजरेची नुसती खूण पडते आणि ती नंतर माणूस बघतो. कच्च्या कागदाकडे बघणारच ना पोरगं. कागद चालतो का ते सूचनांत वाचा, तो आधीच कॅमेऱ्याला कोरा दाखवून ठेवा.

ऋत्विक_पिंपरी
नानाच्या मित्राचं मला पटतंय, कारण माझंही झालंय. विचार करताना Shift दाबत बसायची सवय आहे मला. पाचदा दाबलं की विंडोजची स्टिकी कीजची चौकट उघडते. उघडली, इशारा क्रमांक एक. मग अँटिव्हायरसची मुदत संपल्याची सूचना, इशारा क्रमांक दोन. पुढचा तासभर हात कीबोर्डला लावला नाही.

सिस्टिम चेक दोन दिवस आधी केला होता, चारही हिरव्या टिका: कॅमेरा, माइक, नेट, ब्राउझर. पण दुसरीकडून लॅपटॉप चालवू देणारं AnyDesk त्याने पकडलं नाही. ते कुठल्याशा ऑनलाइन कोर्सच्या वेळी टाकलं होतं, लॅपटॉप चालू केला की मागे आपोआप सुरू व्हायचं. टेस्टच्या दिवशी सिक्युअर ब्राउझरने नाव सांगून ‘हे बंद करा’ म्हटलं. खिडकी बंद केली तरी प्रोग्राम चालूच. शेवटी टास्क मॅनेजरमधून मारला. रूममेटच्या मॅकवर अजून गंमत: स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो. त्याला वाटलं अडकलंय, रिफ्रेश करत बसला. लॉगिनची मुदत १५ मिनिटं होती, वाचला थोडक्यात.

कोल्हापुरी_बँकर
सेक्शनच्या वेळेचं विचारलंय तर सांगतो. आयबीपीएस पीओच्या पूर्वपरीक्षेला १०० प्रश्न, तीन सेक्शन, प्रत्येकी २० मिनिटं, चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांतला पाव हिस्सा वजा. इंग्रजीत वेळ उरला तरी पुढे सरकत नाही. मी दोनदा दिली. पुन्हा बसायचं तर पुढची जाहिरात येईपर्यंत थांबा.

बार्शीकर_मेघा
दादा, धागा कॅम्पसचा आहे, पण वेळ पुढे सरकत नाही हे आमच्याकडेही तसंच. फक्त आमच्यात पाव गुण बहुतेक वेळा कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या मिनिटाचा हिशोब बदलतो.

तन्वी_नांदेड
मला हे ‘सरकत नाही’ कुणीच सांगितलं नव्हतं. व्हर्बल २० मिनिटांचं होतं, १३ मिनिटांत झालं. सात मिनिटं क्वांटला मिळतील म्हणून `Submit Section` दाबलं. क्वांट उघडलं ते आपल्या ठरलेल्या २५ वर. ती सात मिनिटं गेली ती गेलीच, आणि व्हर्बलमधली खूण करून ठेवलेली दोन उत्तरंही पुन्हा बघता आली नाहीत.

क्वांटमध्ये वाट्याला प्रश्नामागे सव्वा मिनिट येतं. एक तक्ता होता, त्याच्यावर चार प्रश्न. तक्ता समजायलाच दोन मिनिटं लागली, पण मग प्रत्येक प्रश्न पाऊण मिनिटात सुटला. चारांना मिळून पाच मिनिटं, म्हणजे बरोब्बर वाट्याएवढी. त्याच तक्त्यातले दोनच सोडवून पुढे गेले असते तर साडेतीन मिनिटांत दोनच हाती लागले असते. तक्ता घेतला तर पूर्ण घ्या, नाहीतर शेवटपर्यंत हातच लावू नका.

दुसऱ्या कंपनीची अ‍ॅडॅप्टिव्ह होती, म्हणजे आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरतो. तिथे सोडून पुढे जाणं नाही, मागे येणं नाही. तिथे हे काहीच कामाला आलं नाही.

सुनंदा_ताई
माझी लेक शेवटच्या वर्षाला आहे. तिची पहिली टेस्ट गेली. मैत्रीण म्हणते दुसरा ईमेल काढून लगेच परत दे. असं चालतं का हो?

सायलेंट_प्रॉक्टर
ताई, नको करू देऊ. फॉर्ममध्ये जन्मतारीख, फोन, कॉलेजचा रोल नंबर असतो, शिवाय टेस्टच्या वेळचा फोटो. दोन नोंदी जुळल्या की दोन्ही रद्द होतात, आणि बरेचदा ते ऑफर आल्यानंतर कागदपत्रांच्या तपासणीत निघतं. बऱ्याच कंपन्यांची एक टेस्ट झाली की पुढच्या टेस्टपर्यंत काही महिन्यांची अट असते, सहा महिने मी जास्त वेळा पाहिलेत. ती अट त्या कंपनीपुरतीच. दुसऱ्या कंपनीची टेस्ट ती उद्याही देऊ शकते.

ऋत्विक_पिंपरी
पण आमच्या इथल्या एकाने चार महिन्यांत त्याच कंपनीची टेस्ट पूल कॅम्पसमधून, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र ड्राइव्हमधून, पुन्हा दिली, त्याच ईमेलने. सिलेक्टही झाला.

सायलेंट_प्रॉक्टर
पूल कॅम्पसला अट वेगळी ठेवली असेल, किंवा नजरेतून सुटलं असेल. मला सांगता येणार नाही. त्याच्या इनव्हाइट मेलमध्ये काय लिहिलं होतं, ते विचार.

सुनंदा_ताई
लेकीचा मेल आत्ता काढून बघितला. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, १८० दिवस. तिने वाचलाच नव्हता.