मैत्रिणीचं नवऱ्याशी भांडण झालं, तर बाजू घ्यायची की नाही?

निवडुंग: मैत्रिणीचा रात्री मेसेज आला: "आज हद्द झाली. त्याने आईसमोर माझ्या खर्चाचा विषय काढला. आता बोलणारच नाही त्याच्याशी." मी लिहिलं, "तो पहिल्यापासून तसाच आहे. तू फार सहन करतेस." त्यावरून एकीने मलाच सुनावलं, म्हणे बाजू घ्यायची नसते. अडचणीत बाजू घेत नाही तो कसला मित्र? गुळमुळीत "मी आहे गं" लिहून काय होतं?

सुमेधा_क: तिची तक्रार एका प्रसंगाची होती, तुम्ही त्याचा स्वभाव ठरवून टाकलात. आता एकतर ती "सगळेच म्हणतात तू असाच आहेस" म्हणत पुन्हा भांडायला जाईल. नाहीतर दोन दिवसांत त्यांचं मिटेल आणि तुमचं वाक्य तेवढं मागे राहील. पुढच्या भांडणात ती तुम्हाला काही सांगणार नाही.

"मी आहे गं" एवढंच पुरत नाही, हे मान्य. तिने जे लिहिलंय त्यातलं नेमकं काय लागलं, ते पकडून लिहायचं: "वाचलं. खर्चाचा विषय निघाला तो आईसमोर, हे फार लागलं असेल. मी जागी आहे. लिही, नाहीतर फोन करू का? आज नको असेल तरी चालेल." यात नवऱ्याला एकही विशेषण नाही, त्याची वकिलीही नाही. "आईसमोर" हा शब्द तिचाच आहे. तो परत दिसला की आपलं नीट वाचलं गेलंय, हे तिला कळतं. सल्ला मुद्दाम टाळलाय. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांवर केलेल्या कामात दिसतं की भांडणात नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरच्याचं डोक्यात शिरत नाही, आणि उतरायला निदान 20 मिनिटं लागतात. त्या वेळात "शांतपणे बोलून घ्या" लिहिलं, तर तिला एवढंच ऐकू येतं की तू अशांत आहेस.

पारावरचा: सगळं बरोबर, पण अर्धंच. नवऱ्यालाही फोन करून त्याची बाजू ऐका, मग दोघांना समोरासमोर बसवा. आमच्या घरी मोठ्यांनी असंच मिटवलं होतं.

सुमेधा_क: तिने मध्यस्थ मागितलेला नाही. तुम्ही त्याला फोन केलात की "तू बाहेर सांगितलंस?" हे दुसरं भांडण सुरू होतं, आणि ते पहिल्यापेक्षा कडू असतं.

लेखणी७: मुळात हे लिहायचंच कशाला? मेसेज लॉक स्क्रीनवर झळकतो. फोन टेबलावर पडलेला असतो, नवरा शेजारी असतो. निवडुंगबाईंचं "पहिल्यापासून तसाच" त्याने वाचलं असेल, तर संपलंच! मी सरळ फोन करते.

निवडुंग: मला बाई म्हणायची गरज नाही. आणि नवरा बायकोचा फोन वाचतो, तर दोष माझा?

लेखणी७: दोष कुणाचाही असो, भोगायचं तिला. तुमचा मुद्दा तुमच्यापाशी ठेवा.

सुमेधा_क: भांडा नंतर. लेखणी७, तुमचं निम्मं बरोबर आहे. तो वाचेल असं धरूनच लिहावं. पण न विचारता फोन केला, तर ती त्याच खोलीत असताना वाजेल आणि तिला "हो, नाही, ठीक आहे" एवढंच बोलता येईल. म्हणून आधी लिहून विचारायचं. ती हो म्हणाली की फोन, आणि पहिला प्रश्न: "मोकळं बोलता येतंय का?"

लेखणी७: ठीक, विचारून. व्हॉइस नोट मात्र नकोच. ती चुकून स्पीकरवर लागते.

निवडुंग: आणि तो हात उचलत असेल तर? तेव्हाही विशेषण नाही, बाजू नाही?

सुमेधा_क: तेव्हा हे काहीच लागू नाही. मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं, पैसे किंवा फोन काढून घेणं, यात मधली जागा नसते. ती मोकळी बोलू शकत असताना फोनवर विचारायचं, "आज घरात थांबायला भीती वाटते का?" हे लिहून पाठवायचं नाही, कारण तोच वाचणारा असू शकतो. उत्तर हो आलं, तर ती आज रात्री कुठे जाऊ शकते, हे आधी ठरवायचं. तेव्हा मी उघड तिच्या बाजूला.

निवडुंग: म्हणजे बाजू घ्यायची असतेच. फक्त कधी, ते तुम्ही ठरवणार.

सुमेधा_क: ती काय सांगते त्यावरून ठरतं. तुमच्या मेसेजमध्ये तिला सांगायला जागाच उरली नव्हती.

निवडुंग: "पहिल्यापासून" हा शब्द जास्त झाला, एवढं धरा. "सहन करतेस" मी मागे घेणार नाही. मी बघतेय ते.

पारावरचा: मग सकाळी तरी विचारा, मिटलं का म्हणून.

सुमेधा_क: "मिटलं का?" नको. मिटलं नसेल तर तिला नापास झाल्यासारखं वाटतं, आणि मिटलं असेल तर कालचं सगळं पुसून टाकावं लागतं. "रात्री झोप लागली का?" एवढं विचारा. भांडणाचा विषय तिने काढला तर ऐका, नाही काढला तर तुम्ही काढू नका.