मदत हवी आहे: शिक्षेच्या युक्तिवादात अडकलोय

मुंबईत लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरावासाठी दिलेला काल्पनिक खटला असा: २० वर्षांचा पोरगा, पहिलाच गुन्हा. लोकलच्या दारातल्या बाईचा मोबाईल हिसकावला, दोषी ठरला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४, म्हणजे जास्तीत जास्त ३ वर्षं. मी सरकारी पक्षाकडून.

मी लिहिलं, 'असे प्रकार रोज होतात, जरब बसायला हवी.' सरांनी लाल पेनाने विचारलं, 'इतर चोरांचा हिशेब याच्याकडून का?' खरंय. प्रतिशोधाच्या सिद्धांतात शिक्षा याच्याच दोषाच्या मापाची हवी. शिवाय जरब शिक्षेच्या लांबीपेक्षा पकडलं जाण्याच्या खात्रीने जास्त बसते, म्हणजे माझा मुद्दा तिथेही लंगडाच.

वर प्रोबेशन कायदा, १९५८ चं कलम ६: वय २१ च्या आत असेल तर प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, आणि तुरुंगात टाकायचंच तर कारणं नोंदवायची. इथे सुधारणेचाच विचार आधी.

मग 'कारणं' म्हणून काय मांडू? बाई धावत्या गाडीतून पडता पडता वाचली, हा धोका त्याच्या स्वतःच्या दोषात धरता येईल ना? की अहवाल चांगला आला तर तोही टिकणार नाही? कोणी असा युक्तिवाद केला असेल तर सांगा, शुक्रवारी उभं राहायचंय.