शब्दचर्चा : ‘वाचनवेळ’, ‘पानावरचा वेळ’ की ‘लक्षवेळ’? आणि ‘मध्यक’चं काय करायचं?

दांडिया बाजार
बडोद्यातल्या एका बातम्यांच्या संकेतस्थळासाठी प्रायोजित लेखांचे अहवाल मी मराठीत करते. छतावर सोलर बसवणाऱ्या एका व्यावसायिकाचा लेख होता, साधारण ७०० शब्दांचा. पान उघडणारे १२४० आणि शेवटच्या दुव्यावर क्लिक ९. क्लिक दाखवायला लाज वाटते, म्हणून वेळ आणि स्क्रोल पुढे ठेवते. गूगलच्या GA4 या वाचकमोजणीच्या साधनात `Average engagement time per active user` असं दिसतं, तिथे १ मिनिट ३८ सेकंद आले. मी ‘सरासरी वाचनवेळ’ लिहिलं. त्यावर गिऱ्हाईक म्हणतं, “म्हणजे सगळ्यांनी दीड मिनिट वाचलं ना?” नेमका शब्द कोणता लिहावा?

मांडवीकर
‘वाचनवेळ’ बरोबरच आहे की. लेखाच्या वर ‘३ मिनिटे वाचन’ लिहितात तेच ना? शब्द मोजायचे, मिनिटाला २०० ने भागायचं. ७०० शब्दांना साडेतीन मिनिटं होतात, तुमचं १ मिनिट ३८ कसं आलं?

दांडिया बाजार
ते नाही हो. तो लेखाचा अंदाज झाला. मी म्हणते तो लोकांनी खरंच घालवलेला वेळ.

जुना छापखाना
मांडवीकरांच्या घोटाळ्यातच तुमचं उत्तर आहे. ‘वाचनवेळ’ शब्द त्या अंदाजासाठी रूढ होतो आहे, तेव्हा अहवालात तो नकोच. शिवाय यंत्राला वाचन कळत नाही. GA4 एवढंच पाहतं की पान पुढच्या टॅबमध्ये, नजरेसमोर उघडं आहे का. लॅपटॉपवर लेख उघडा ठेवून माणूस चहा टाकायला गेला तरी, पान पुढे आहे तोवर वेळ चालूच राहू शकतो. काही साधनं शेवटचा स्पर्श किंवा स्क्रोल होऊन काही सेकंद गेले की घड्याळ थांबवतात. त्यांचा आकडा साहजिकच लहान येतो. म्हणून मी ‘पान समोर असल्याचा वेळ’ लिहीन. लांब आहे, पण खोटं नाही.

रावपुरा कट्टा
‘लक्षवेळ’ सुटसुटीत आहे. आणि जुन्या पद्धतीपेक्षा हे बरंच सुधारलंय. पूर्वी पुढचं पान उघडलं तरच आधीच्या पानाचा वेळ निघायचा. एकच लेख वाचून निघून गेलात की शून्य. १ जुलै २०२३ पासून गूगलचं ते जुनं साधन, Universal Analytics, बंद झालं. आता वेळ थेट मोजतात, त्यामुळे सरासरीवर डोळे झाकून विश्वास ठेवा.

जुना छापखाना
पहिला भाग अगदी बरोबर. डोळे झाकून मात्र नको. ताई, तुमच्याकडे प्रत्येकाची वेगळी नोंद आहे का? BigQuery या गूगलच्या माहितीसाठ्यात निर्यात चालू असेल तर `engagement_time_msec` नावाने मिळेल.

दांडिया बाजार
चालू आहे. काल काढली. १२४० पैकी २० जणांचा वेळ सरासरी ३५ मिनिटं! त्या वीस जणांना बाजूला केलं तर बाकीच्यांची सरासरी १ मिनिट ५ सेकंद. आणि सगळे चढत्या क्रमाने लावले तर मधल्याचा वेळ ३८ सेकंद.

जुना छापखाना
हेच. बारीक हिशेब पाहा : २० जणांचे ३५ मिनिटं म्हणजे ७०० मिनिटं, आणि सगळ्यांचा मिळून वेळ सुमारे २०२५ मिनिटं. दीड टक्का माणसांनी एक तृतीयांश वेळ खाल्ला. ते वाचत होते की टॅब उघडा ठेवून बाजारात गेले होते, ते यंत्र सांगू शकत नाही. गिऱ्हाइकाला सरासरी द्याच, पण शेजारी मध्यक द्या : अर्ध्या लोकांनी ३८ सेकंदांहून कमी वेळ दिला.

फतेगंजची शिक्षिका
थांबा, बडोद्यात हा शब्द जपून वापरा! मी गुजराती माध्यमात गणित शिकवते. गुजराती पुस्तकात ‘मध्यक’ म्हणजे सरासरीच, आणि मधल्या किमतीला ‘मध्यस्थ’ म्हणतात. महाराष्ट्राच्या पुस्तकात सरासरी ती ‘मध्य’, मधली किंमत ‘मध्यक’. सोलरवाले गुजराती शाळेत शिकलेले असतील, तर तुमचा ‘मध्यक ३८ सेकंद’ ते सरासरी म्हणून वाचतील आणि वर ‘सरासरी १ मिनिट ३८’ पाहून विचारतील, बाई, खरी कुठली?

दांडिया बाजार
अरे देवा, तेच झालं! परवा फोनवर हाच प्रश्न आला होता, मला वाटलं ते चिडून बोलताहेत.

फतेगंजची शिक्षिका
मग संज्ञा सोडा. ‘मधल्या माणसाचा वेळ’ लिहा. दोन्हीकडच्यांना कळतं.

रावपुरा कट्टा
स्क्रोलला काय म्हणणार? ‘उतार’? मी ‘स्क्रोल-खोली’ लिहितो. आमच्या पाककृतीच्या ब्लॉगवर ९० टक्क्यांपर्यंत पोचणारे ६२ टक्के निघतात, म्हणजे चांगलंच वाचतात लोक. तुमचं किती?

दांडिया बाजार
१८ टक्के. म्हणून तर तो आकडा लपवावासा वाटतो.

जुना छापखाना
या दोन्ही आकड्यांची तुलना होत नाही. कट्टा, पाककृतीच्या पानावर साहित्याची यादी आणि कृती खाली असते, लोक वरची गोष्ट टाळून सरळ तिकडे धावतात. खोली मिळते, वाचन नाही. ताई, तुमच्या लेखाखाली काय आहे?

दांडिया बाजार
‘आणखी बातम्या’, मग छायाचित्रं, मग तळपट्टी. लेख पानाच्या साधारण ५५ टक्क्यांवर संपतो.

जुना छापखाना
म्हणजे GA4 ची आपोआप येणारी `scroll` नोंद इथे निरुपयोगी आहे. ती पानाच्या ९० टक्के उंचीवर एकदाच लागते. तुमचा वाचक लेख पूर्ण वाचून ५५ वर थांबला तर तो मोजलाच जात नाही. उलट ज्याने बातम्यांच्या शोधात सर्रकन खाली ओढलं तो मोजला जातो. गूगलच्या टॅग मॅनेजरमध्ये घटक दिसल्याचा ट्रिगर असतो, तो लेखाच्या शेवटच्या दुव्यावर लावा. मग ‘खोली’ हा शब्दच लागत नाही. ‘दुवा नजरेसमोर आलेले वाचक’ लिहा.

दांडिया बाजार
तो आमच्या मुलाने मागच्याच आठवड्यात लावला होता, मी पाहिलाच नाही. दुवा ४८० जणांसमोर आला. त्यातल्या २६० जणांसमोर पान ३० सेकंदांहून जास्त होतं.

जुना छापखाना
मग उरलेले २२० बहुतेक ओढत गेलेले. आता तुमच्या ९ क्लिकांचा छेद बदला : १२४० नव्हे, ४८०. पाऊण टक्क्याऐवजी सुमारे १.९ टक्के. पण त्यावरही फार बोलू नका. मूळ ओढ ४ क्लिकांची असती किंवा १७ ची असती, तरी ९ दिसणं नवलाचं नव्हतं. पुढच्या लेखाला ५ आले तर ‘हा पडला’ म्हणता येणार नाही. २६० हा आकडा मात्र इतका लहान नाही. दोन लेखांत फरक खरा की योगायोग, ते त्याच्यावर पाहणं जास्त सोपं. फक्त दोन्ही लेखांची लांबी सारखी हवी, नाहीतर ३० सेकंदांना अर्थ उरत नाही.

मांडवीकर
पण सोलरवाल्याला पॅनेल विकायचेत. २६० जणांनी वाचून त्याला काय मिळालं?

जुना छापखाना
ते या नोंदीतून कळत नाही, आणि शब्द बदलूनही कळणार नाही.

फतेगंजची शिक्षिका
फोन किती आले ते त्यांनाच विचारा ना. लेखात वेगळा नंबर दिला असता तर मोजताही आलं असतं.

दांडिया बाजार
पुढच्या वेळी देईन. या अहवालात ‘पान समोर असल्याचा वेळ’, ‘मधल्या माणसाचा वेळ’ आणि ‘दुवा दिसलेले वाचक’ लिहिते. ‘लक्षवेळ’ मला आवडला होता, पण लक्ष होतं की नव्हतं ते आपल्याला ठाऊक नाही.

रावपुरा कट्टा
मी ‘लक्षवेळ’ सोडणार नाही. सगळे शब्द इतके काटेकोर केले तर अहवालाच्या तक्त्यात एकही मथळा मावायचा नाही.