मदत हवी आहे: सिस्प्लॅटिननंतरचा पहिला दिवस उलटीविना जातो, मग तिसऱ्या दिवशी काय बिघडते?

अनघा_औषधशास्त्र

उलटीविरोधी औषधांचे रिसेप्टरनुसार गट माझे पाठ आहेत. सेरोटोनिनच्या ५-एचटी-३ रिसेप्टरवर ऑन्डान्सेट्रॉन, सबस्टन्स-पीच्या एनके-१ वर अ‍ॅप्रेपिटंट, डोपामिनच्या डी-२ वर मेटोक्लोप्रमाइड आणि हॅलोपेरिडॉल, हिस्टामिनच्या एच-१ वर प्रोमेथाझिन, मस्करिनिक रिसेप्टरवर हायोसिन. मात्र सरावासाठी मिळालेल्या एका उदाहरणापाशी हा तक्ता मला उपयोगी पडत नाही.

फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ५२ वर्षांच्या रुग्णेला सिस्प्लॅटिन ७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर या मात्रेने दिले. त्याआधी ऑन्डान्सेट्रॉन १६ मिलिग्रॅम आणि डेक्सामेथासोन २० मिलिग्रॅम दिले होते. पुढील तीन दिवसांसाठी ऑन्डान्सेट्रॉन ८ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि डेक्सामेथासोनही ८ मिलिग्रॅम दोनदा अशी योजना होती. पहिल्या २४ तासांत एकही उलटी झाली नाही; तिसऱ्या दिवशी मात्र सकाळपासून चार उलट्या झाल्या आणि मळमळ थांबेना. तिने गोळ्या चुकविलेल्या नाहीत. ५-एचटी-३ रिसेप्टर अडविलेलाच असताना उलटी कोणत्या वाटेने होते, आणि पुढच्या फेरीत कोणता गट जोडावा?

दीपस्तंभ

माझ्या मते मात्रा अपुरी पडली आहे. सिस्प्लॅटिनमुळे आतड्याच्या एन्टेरोक्रोमॅफिन पेशींतून सेरोटोनिन बाहेर पडते, ते व्हेगस मज्जातंतूच्या टोकांवरील ५-एचटी-३ रिसेप्टरला चेतविते, आणि तो संदेश मेंदूच्या उलटी-केंद्राकडे जातो. मूळ कारण सेरोटोनिन असल्यामुळे ऑन्डान्सेट्रॉन दिवसातून तीनदा करावे किंवा पॅलोनोसेट्रॉन द्यावे.

वाटसरू७

मला प्रवासात गाडी लागते आणि ऑन्डान्सेट्रॉनची गोळी घेऊनही काहीच फरक पडत नाही. म्हणजे हे औषध एकूणच कमकुवत असावे. यावर कोणी खात्रीचे औषध सांगेल का?

विभागातली_फार्मासिस्ट

वाटसरू, आपला प्रश्न वेगळा आहे, पण रिसेप्टरचा तक्ता कशासाठी असतो हे त्यातून चांगले दिसते. गाडी लागण्याचा संदेश अंतर्कर्णातून निघतो आणि त्या वाटेवर एच-१ व मस्करिनिक रिसेप्टर महत्त्वाचे असतात. तिथे सेरोटोनिन अडवून फारसे काही साधत नाही. औषधाची निवड आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावी.

दीपस्तंभ यांनी सांगितलेली वाट अचूक आहे, परंतु ती पहिल्या दिवसाची आहे. सेरोटोनिनचे विघटन होऊन ५-एचआयएए हा पदार्थ मूत्रात उतरतो. सिस्प्लॅटिननंतर पहिल्या काही तासांत त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते आणि उलट्यांचा भर त्याच सुमारास असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या पुन्हा सुरू झाल्या तरी हे प्रमाण तसे वाढलेले आढळत नाही. म्हणून २४ तासांनंतरच्या, साधारण पाचव्या दिवसापर्यंत चालणाऱ्या विलंबित टप्प्यात मुख्य भूमिका सबस्टन्स-पीची मानली जाते, आणि त्याचे एनके-१ रिसेप्टर मेंदूच्या पाठीमागच्या भागात, जिथे व्हेगसचे संदेश पोहोचतात तिथे आहेत. या रुग्णेचे एक दार बंद होते. उलटी दुसऱ्या दारातून आली. पहिल्या दाराला आणखी कुलपे लावून उपयोग नाही, कारण रिसेप्टर जवळपास व्यापले गेले की मात्रा वाढवून परिणाम वाढत नाही, मात्र डोकेदुखी, बद्धकोष्ठता आणि हृदयाच्या आलेखातील क्यूटी लांबण्याचा धोका वाढतो. पॅलोनोसेट्रॉनचा मुद्दा अर्धा मान्य आहे. ते रिसेप्टरला अधिक काळ धरून ठेवते आणि विलंबित टप्प्यात जुन्या औषधांपेक्षा काहीसे सरस ठरते, तरी ते एनके-१ रोधकाची जागा घेत नाही.

सुनंदाताई_सोबत

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. वडिलांच्या केमोनंतर चौथ्या दिवशी मळमळ वाढली तेव्हा आम्ही सर्वांनी ती केमोचीच मानली. नंतर लक्षात आले की तीन दिवस त्यांना शौचाला झाले नव्हते आणि पोट फुगले होते. रेचक दिल्यावर मळमळ बरीच उतरली. या रुग्णेला हे कोणी विचारले आहे का?

विभागातली_फार्मासिस्ट

सुनंदाताई, हा प्रश्न औषध बदलण्याआधीच विचारायला हवा. ५-एचटी-३ रिसेप्टर आतड्याच्या हालचालीतही भाग घेतात, त्यामुळे ऑन्डान्सेट्रॉन दररोज चालू ठेवल्यास बद्धकोष्ठता होते. मग मळमळ वाढते आणि तिच्यावर तेच औषध आणखी दिले जाते. सोडियम, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची तपासणीही पाहावी. चार उलट्या होऊन पाणी पोटात ठरत नसेल, तर सिस्प्लॅटिननंतर मूत्रपिंडाला धोका संभवतो आणि रुग्णेला त्याच दिवशी दाखवणे आवश्यक आहे.

अनघा_औषधशास्त्र

उदाहरणात शौच नियमित आणि रक्ततपासणी सामान्य दिली आहे. मग मी दुसऱ्या फेरीची योजना अशी मांडते: अ‍ॅप्रेपिटंट पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी ८० मिलिग्रॅम, ऑन्डान्सेट्रॉन पहिल्या दिवशी, डेक्सामेथासोन पूर्वीप्रमाणेच. यात काही राहिले का?

विभागातली_फार्मासिस्ट

डेक्सामेथासोन पूर्वीप्रमाणे ठेवता येणार नाही. अ‍ॅप्रेपिटंट यकृतातील सीवायपी३ए४ या एन्झाइमला अडविते, त्यामुळे तोंडाने घेतलेल्या डेक्सामेथासोनची शरीरातील एकूण पातळी सुमारे दुप्पट होते. म्हणून पहिल्या दिवशी २० ऐवजी १२ मिलिग्रॅम आणि पुढील तीन दिवस ८ मिलिग्रॅम दिवसातून एकदाच द्यावे. स्टेरॉइड कर्करोगावरील उपचाराचाच भाग असेल, तर मात्र ही कपात करीत नाहीत.

सिस्प्लॅटिन उलटीच्या दृष्टीने सर्वांत तीव्र गटात मोडते, तेव्हा चौथे औषध म्हणून ओलान्झापिनही आता पहिल्यापासूनच देण्याची पद्धत आहे. ते डोपामिन, सेरोटोनिन, हिस्टामिन असे अनेक रिसेप्टर एकाच वेळी अडविते, त्यामुळे तुमच्या तक्त्याच्या एका खणात ते बसत नाही. मळमळीवर, जिथे इतर औषधे थिटी पडतात, त्याचा उपयोग विशेष दिसतो. ते चालू असताना मेटोक्लोप्रमाइड किंवा हॅलोपेरिडॉल सोबत देणे टाळावे. डी-२ रिसेप्टर दोन औषधांनी अडविला गेला, तर रुग्ण एका जागी बसू शकत नाही, पाय सतत हलवितो, आणि घरचे त्याला घाबरलेला समजतात.

दीपस्तंभ

डोपामिनच्या औषधांनाच मग मूळ मानायला नको का? सिस्प्लॅटिनवर पूर्वी मेटोक्लोप्रमाइडच फार मोठ्या मात्रेत दिले जात असे आणि ते लागू पडत असे.

विभागातली_फार्मासिस्ट

लागू पडत असे हे खरे. पण त्या मोठ्या मात्रेत ते ५-एचटी-३ रिसेप्टरलाही अडविते, आणि त्याच निरीक्षणातून पुढे सेरोटोनिनच्या औषधांकडे लक्ष वळले.

रात्रपाळी_डॉक्टर

ओलान्झापिनच्या मात्रेबाबत मी थोडा वेगळा विचार करतो. १० मिलिग्रॅमने, विशेषतः वयस्क रुग्ण, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगीत राहतात. मी ५ मिलिग्रॅम रात्री देतो.

अनघा_औषधशास्त्र

तक्त्यात आता काळाचा एक स्तंभ जोडते आणि ओलान्झापिन एकाहून अधिक खणांत लिहिते. एक शंका उरली आहे: डेक्सामेथासोन कोणत्या खणात लिहावे? ते यांपैकी कोणताच रिसेप्टर अडवीत नाही, तरी विलंबित टप्प्यात त्याचा उपयोग होतो.

विभागातली_फार्मासिस्ट

त्याची क्रिया ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरमार्फत होते. परंतु त्यातून उलटी नेमकी कशी थांबते, यावर एकमत नाही. दाह कमी होणे, सेरोटोनिनचे प्रमाण घटणे, मेंदूच्या पाठीमागच्या भागावरील थेट परिणाम अशी अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. परीक्षेत तो खण वेगळा ठेवा आणि यंत्रणा अनिश्चित आहे, असे स्पष्ट लिहा. ओलान्झापिन असताना दुसऱ्या दिवसापासून डेक्सामेथासोन वगळता येईल का, यावर आमच्या विभागातही दोन मते आहेत.