मदत हवी आहे: व्हिटॅमिन के चं इंजेक्शन राहिलंय, बाळ ९ दिवसांचं

माझ्या बहिणीची प्रसूती वाटेतच, गाडीत झाली. बाळाचं वजन १ किलो ९०० ग्रॅम. दवाखान्यात पोहोचल्यावर बाकी सगळं झालं, पण काल कार्ड पाहिलं तर व्हिटॅमिन के चा रकाना कोरा! विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "आता वेळ गेली."

मला हे पटत नाही. बाळ फक्त आईच्या दुधावर आहे, त्यात हे जीवनसत्त्व फारच कमी असतं. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यानंतरही, अगदी सहा महिन्यांपर्यंत, अचानक मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे राहिलं असेल तर लवकरात लवकर द्यायचं, बरोबर ना?

दुसरा घोळ डोसचा. शेजारच्या काकू म्हणतात, बारीक बाळाला अर्धाच. माझ्या माहितीप्रमाणे अर्धा मिलिग्रॅम १००० ग्रॅमच्या आतल्या बाळाला, त्यावर १ मिलिग्रॅम, मांडीत. ९ दिवसांनंतरही तेवढाच का? अँप्युल १० मिलिग्रॅमचीही मिळते, म्हणून जास्त धास्ती.

नाळेतून रक्त किंवा काळी शी नाही, दूध नीट पितं. उद्या सकाळी बालरोगतज्ज्ञांकडे नेतोय. ग्रुपवरच्या डॉक्टरांनी, नर्सताईंनी कृपया सांगा, तिथे आणखी काय विचारू?